लांबच्या सहकाऱ्याच्या लग्नाला 'येत नाही' कसं कळवायचं?

*प्रश्न: दुसऱ्या विभागातल्या एकाने व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका पाठवली आहे. ओळख जेमतेम, लिफ्टमध्ये हसण्यापुरती. जायचं नाहीये, पण वाईटही वाटायला नको. दोन ओळींत काय लिहू? 'बघतो, जमवतो' चालेल का?*

'बघतो, जमवतो' सोडून काहीही चालेल. या दोन शब्दांनी माझी लाज काढली आहे, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

आमच्या अकाउंट्समधल्या एका मुलाचं लग्न सांगलीला होतं. पत्रिका द्यायला तो माझ्या टेबलापर्यंत आला. मी म्हणालो, "अरे वा, अभिनंदन! बघतो, जमवतोच." आमच्या घरात याचा अर्थ सरळ 'नाही' असा होतो. आई आयुष्यभर नको त्या आमंत्रणांना हेच म्हणत आली. पण ज्याच्या घरी लग्न असतं तो ताटं मोजत असतो, त्याच्या कानाला त्यातलं फक्त 'जमवतोच' ऐकू येतं. त्याने ऑफिसच्या मंडळींसाठी पुण्याहून मिनीबस केली होती आणि यादीत माझं नाव टाकलं होतं. रविवारी पहाटे साडेपाचला बस कात्रजला उभी आणि मी फोन सायलेंटवर टाकून झोपलेलो. उठलो तेव्हा सात मिस्ड कॉल. बस माझ्यासाठी पंचवीस मिनिटं थांबली होती, आणि त्यात नवऱ्यामुलाचे काका बसले होते. तो मुलगा पुढे कधी काही बोलला नाही. पण नंतर वर्षभर माझी बिलं नेमकी 'एक सही राहिली आहे' म्हणून परत यायची. योगायोगही असेल, शपथेवर सांगत नाही.

तर मेसेज असा करा:

"नमस्कार, पत्रिका मिळाली. आठवणीने बोलावलंत, छान वाटलं. मनापासून अभिनंदन! १४ तारखेचं घरचं एक काम आधीच ठरलंय, त्यामुळे मला लग्नाला येता येणार नाही. दोघांनाही खूप शुभेच्छा. सुट्टीवरून आलात की पेढे घ्यायला येतोच."

बस, एवढंच. 'येता येणार नाही' हे शब्द जसेच्या तसे हवेत. तिथे 'जरा अवघड दिसतंय' लिहिलंत की समोरचा तुमचं ताट धरतो. 'क्षमस्व', 'अत्यंत दिलगीर आहे' वगैरे नको. जेमतेम ओळखीत ते नाटकी वाटतं, आणि आपलं न येणं त्याच्यासाठी एवढं मोठं आहे असा आपलाच समज दिसतो. पत्रिका आल्यापासून दोन दिवसांत पाठवा, आणि त्याला एकट्याला. ग्रुपवर पत्रिका आली असेल तर तिथे फक्त अभिनंदन करा. ग्रुपवर एकाने नकार दिला की खाली 'मलाही जमणार नाही'ची रांग लागते, आणि ती रांग तुम्ही लावलीत हे त्याच्या लक्षात राहतं.

कारण अर्ध्या ओळीचं आणि खरं असावं. काहीच ठरलेलं नसेल तर कारण न देता नुसतं 'येता येणार नाही' लिहा, कोणी खोदून विचारत नाही. 'त्याच मुहूर्तावर घरात लग्न आहे' हे कारण सगळे मान्य करतात, पण मग सोमवारी त्या लग्नाचे फोटो दाखवायची तयारी ठेवा. आणि खोटं सुतक कृपा करून सांगू नका. सुतक म्हटल्यावर कोणी आग्रह करत नाही म्हणून लोक ते सर्रास वापरतात. पण ऑफिसात एक तरी जण 'कोण गेलं हो?' म्हणून विचारायला येतोच. खरंच सुतक असेल तरी लग्नघरच्या मेसेजमध्ये तो शब्द घालू नका. 'घरगुती अडचण आहे' एवढ्यावर आपल्याकडे बरोबर समजतं.

आहेराचं म्हणाल तर विभागात पाकीट फिरत असेल तर त्यात १०१ टाका आणि विसरा. ओळख नसताना वेगळे पैसे गूगल पे करू नका, त्याला उगाच तुमच्या घरचं कार्य लक्षात ठेवावं लागतं. पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असेल तर प्रश्नच मिटला.

हे सगळं फक्त लिफ्टमधल्या ओळखीपुरतं. रोज एकत्र डबा खाणारा असेल किंवा साहेबांच्या मुलीचं लग्न असेल, तर मेसेजवर भागत नाही. आणि पत्रिका कोणी अक्षता लावून हातात दिली असेल तर आधी दोन्ही हातांनी घ्या, लगेच तोंडावर नाही म्हणू नका. दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलाशी जाऊन सांगा. मी तेव्हा अकाउंट्सपर्यंत चाळीस पावलं चालत गेलो असतो तर बस वेळेवर सुटली असती.