टेबल सॉवर पुश स्टिक असली की बोटं सुरक्षित असतात ना?

प्रश्न: घराच्या मागे छोटं सुतारकामाचं युनिट टाकतोय. जुनी टेबल सॉ घेतली आहे. पुश स्टिक वापरली की बोटांना धोका नाही ना? आणि भुशासाठी तोंडाला रुमाल पुरेल का?

उत्तर:

नाही. माझ्या उजव्या हातात पुश स्टिक होती आणि डाव्या हाताची दोन बोटं पेरापासून गेली.

२००९ मधली गोष्ट. कराडजवळ मामांच्या वर्कशॉपमध्ये मी दोन वर्षं काम करत होतो. दाराच्या चौकटीसाठी बाभळीची फळी उभी चिरत होतो. लाकूड पुरतं वाळलेलं नव्हतं. पातं १२ इंची. पात्यामागे जी पोलादी पट्टी असते, रायव्हिंग नाइफ, ती मामांनी काढून ठेवली होती. आमच्या मशीनवर ती पात्यापेक्षा उंच होती आणि वरचं झाकण तिलाच जोडलेलं होतं, त्यामुळे खाच मारायची झाली की काढावीच लागायची. खाच मारून झाल्यावर परत लावायची, ते आमच्याकडे कोणी करत नसे.

फळी अर्ध्याच्या पुढे गेली तशी चिरलेली फट मागून मिटायला लागली. अशा लाकडात आतला ताण असतो, चिरलं की दोन्ही भाग एकमेकांकडे वळतात. जळका वास आला, मोटरचा आवाज जड झाला. तिथेच बटण बंद करायला हवं होतं. मी मात्र डावा हात पात्याच्या पलीकडे नेऊन फळी खाली दाबली.

पुढचे दात लाकूड खाली दाबतात, मागचे दात वर येत असतात. मिटलेल्या फटीने मागचे दात पकडले की तेच दात लाकूड उचलतात आणि तुमच्याकडे फेकतात. १२ इंची पात्याच्या कडेचा वेग २८०० फेऱ्यांना ताशी सुमारे १६० किलोमीटर असतो. फळी माझ्या दिशेने आली आणि तिच्यावर टेकलेला हात तिच्याबरोबर पात्यावर ओढला गेला. बोटं पात्याकडे मी नेली नाहीत. लाकडाने नेली.

मामांचं म्हणणं तेव्हाही एकच होतं आणि आजही तेच आहे: "तुझं ध्यान कुठं होतं?" पण ती फळी मी जपून ठेवली आहे. तिच्या खालच्या अंगाला धनुष्यासारखा वळलेला खोल ओरखडा आहे. लाकूड पात्यावर चढून फिरलं की असाच ओरखडा उमटतो. नुसता हात घसरून पात्यात गेला असता तर तो आला नसता. चिरणी जिथे थांबली तिथे तीन मिलिमीटर असलेली फट सुरुवातीच्या टोकाकडे जवळजवळ बंद झालेली दिसते. पट्टी जागेवर असती तर ती फट मिटलीच नसती.

तुमच्या मशीनवर आधी ती पट्टी आहे का पाहा. तिची जाडी पात्याच्या पत्र्यापेक्षा जास्त आणि दातांच्या रुंदीपेक्षा कमी हवी. दात ३.२ आणि पत्रा २.२ मिलिमीटर असेल तर पट्टी २.७ च्या आसपास. दातांपासून ती आठ मिलिमीटरच्या आत बसली पाहिजे. पात्यापेक्षा किंचित बुटकी आणि पात्याबरोबर वरखाली होणारी पट्टी मिळाली तर खाच मारतानाही काढावी लागत नाही.

पुश स्टिक हवीच, शेवटच्या फूटभर चिरणीला तर नक्की. पण ती बोट पात्यापासून लांब ठेवते, उलटा फटका थांबवत नाही. डावा हात पात्याच्या पुढच्या दातांच्या पलीकडे जाऊच द्यायचा नाही, आणि स्वतः पात्याच्या सरळ रेषेत उभं राहायचं नाही. पुढे ढकलायचा तो पातं आणि त्याला समांतर असलेल्या गाईडमधला भाग. बाहेरच्या बाजूला पडणाऱ्या भागाला हात लावू नका.

रुमालाचं विचारलंत. नाही पुरत, बारीक धूळ त्यातून सरळ जाते. लाकडाची धूळ नाकाच्या पोकळीच्या कर्करोगाचं कारण आहे, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच मान्य केलं. किमान एन-९५ मास्क, शिवाय मशीनच्या खालीच धूळ ओढणारी नळी. आणि कपड्यांवरचा भुसा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, तो सगळा तुमच्याच नाकात परत येतो. आमच्याकडे रोज संध्याकाळी तेच चालायचं.

एक राहिलं. ही पट्टी उभ्या चिरणीसाठी आहे. आडवं कापताना लाकूड गाईडला टेकवून ढकललंत, तर तुकडा गाईड आणि पात्यात अडकून तसाच उडतो, पट्टी असली तरी. तिथे सरकणारा आडवा गेज लागतो. आणि तुमची मशीन इतकी जुनी असेल की पट्टी बसवायला जागाच नाही, तर तिच्यावर ओलं किंवा वाकडं लाकूड चिरू नका. मामांनाही मी तेव्हा एवढंच म्हणत होतो.