ब्लॉक केलेला माल लाइनवर गेलाच कसा?

"एनसीआर उघडली, माल ब्लॉकही केला, तरी तोच लॉट प्रॉडक्शनला इश्यू झाला. एसएपीत नेमकं कुठे चुकलं?"

MB51 उघडा, तो बॅच आणि मूव्हमेंट टाइप 343 टाका. कुणी, कधी सोडला ते तिथेच दिसेल. बहुतेक वेळा नाव स्टोअरमधलंच निघतं.

वेर्ण्याला आमच्याकडे यावरून वर्षभर वाद चालला होता, म्हणून सविस्तर लिहितो. पावसाळ्यात 8,000 कार्टन आले. प्लॅनप्रमाणे 200 चा सॅम्पल, एक्यूएल 1.0, म्हणजे पाच दोषी चालतात, सहाव्याला लॉट रिजेक्ट. दमट हवेने गोंद सुटलेले सात निघाले. QA11 मध्ये रिजेक्टचा निर्णय टाकला, सगळा माल ब्लॉक्ड स्टॉकमध्ये पोस्ट केला, QM01 मधून पुरवठादारावर Q2 नोटिफिकेशन, म्हणजे आमची एनसीआर, उघडली. सगळं नियमाने. दोन दिवसांनी त्यातलेच कार्टन पॅकिंग लाइनवर!

कारण साधं आहे. Q2 ही नोंद आहे, कुलूप नव्हे. ती उघडल्याने साठ्याला काही होत नाही. कुलूप असतं ते इन्स्पेक्शन लॉटचं, आणि तेही माल क्वालिटी स्टॉकमध्ये असेपर्यंतच. तिथून कुणी MIGO मध्ये 321 मारायला गेला तर सिस्टम अडवते आणि क्यूएममधूनच करायला लावते. पण तुम्ही ब्लॉक्डमध्ये पोस्ट केलं की तो लॉट त्या मालावरून हात काढतो. मग 343 ने कुणीही थेट अनरिस्ट्रिक्टेड करू शकतो, क्यूएमला विचारलंही जात नाही. "ब्लॉक केला की सुरक्षित" म्हणणाऱ्या आमच्या कन्सल्टंटला मी हेच सांगत होतो. पटलं नाही, तो भाग वेगळा.

उपाय दोन. मालाचं काय करायचं हे एनसीआरमध्ये ठरेपर्यंत साठा पोस्टच करू नका. QA11 मध्ये निर्णय टाकून प्रमाण तसंच ठेवता येतं, माल क्वालिटी स्टॉकमध्येच राहतो. दुसरा, मला जास्त आवडणारा: स्टोअरच्या रोलमधून M_MSEG_BWA मधलं 343 काढून क्यूएकडे द्या. नीट करून घेतलेला माल परत घ्यायचा असेल तेव्हा 343 नको, 349 वापरा. मटेरियलला इन्स्पेक्शन टाइप 08 चालू असेल तर नवा लॉट तयार होतो आणि तपासणी पुन्हा होते.

एक राहिलं. पहिल्या उपायात एमआरपी क्वालिटी स्टॉक उपलब्ध धरतो, त्यामुळे बदली मालाची रिक्विझिशन निघतच नाही. आमच्या कार्टनचं तसंच झालं असतं: कागदावर 8,000 शिल्लक आणि लाइन उभी. ब्लॉक्ड स्टॉक मात्र नेहमीच्या सेटिंगमध्ये मोजत नाहीत. म्हणून एनसीआर लांबणार असं दिसलं की ब्लॉकच करा, फक्त आधी तो 343 काढून घ्या.