मुलाखती किती घ्यायच्या आणि कधी थांबायचं?

"सांगलीत ऊसतोड महिलांवर संशोधन करतेय. गाईड म्हणतात, सॅच्युरेशन येईपर्यंत मुलाखती घे. म्हणजे नेमक्या किती?"

आधी दहा घ्या, मग सलग तीन मुलाखतींत एकही नवा मुद्दा आला नाही की थांबा. हा नियम फ्रान्सिस आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडला. नवी मुलाखत नवा कोड, म्हणजे मुद्द्याला दिलेलं छोटं नाव, देईनाशी होणं म्हणजेच सॅच्युरेशन. समजा, अकरावी-बारावीत नवीन काही नाही, पण तेरावीने सांगितलं की उचल फिटली नाही म्हणून पुन्हा त्याच मुकादमाकडे यावं लागलं. मग मोजणी परत शून्यापासून, म्हणजे निदान सोळापर्यंत. त्यासाठी कोडिंग मुलाखतींबरोबरच व्हायला हवं; शेवटी एकदम केलंत तर थांबायची जागा हातची गेलेली असते. मात्र सगळ्या जणी एकाच टोळीतल्या असतील, तर हे सॅच्युरेशन तेवढ्या टोळीपुरतंच.