२०० दिवसांची सरासरी आणि डिव्हिडंडची खाच

प्रश्न: वेदांताच्या २०२२-२३ च्या चार्टवर २०० दिवसांची सरासरी एका साइटवर वेगळी दिसते आणि दुसरीवर वेगळी. बोनस किंवा स्प्लिटचा तर घोळ नाही. कुठली खरी धरायची?

दोन्ही बरोबर असू शकतात. एका साइटने जुन्या किमतींतून डिव्हिडंडचा परिणाम काढलेला असणार, दुसरीने नसणार.

स्प्लिट आणि बोनस जवळपास सगळेच अॅडजस्ट करतात, कारण न केल्यास चूक लपत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिलायन्सने १:१ बोनस दिला तेव्हा २,६५० च्या आसपासचा भाव एका रात्रीत १,३३० च्या घरात आला. गुंतवणूकदाराचं नुकसान शून्य. पण जुने भाव निम्मे केले नाहीत, तर पहिल्या दिवशी २०० दिवसांची सरासरी जवळपास होती तिथेच राहते, भाव तिच्या निम्म्यावर दिसतो, आणि हा खड्डा सरासरीतून पूर्ण निघायला २०० सत्रं लागतात. एवढी मोठी चूक डोळ्यांना लगेच खुपते, म्हणून ती फार काळ टिकत नाही.

डिव्हिडंडचं तसं नसतं. दोन-चार टक्क्यांची खाच रोजच्या चढउतारात मिसळून जाते. वेदांता तर याचं टोकाचं उदाहरण आहे. २०२२-२३ या आर्थिक वर्षासाठी कंपनीने शेअरमागे ३१.५, १९.५, १७.५, १२.५ आणि २०.५ रुपये असे पाच अंतरिम डिव्हिडंड जाहीर केले, एकूण १०१.५ रुपये. शेवटच्या डिव्हिडंडची एक्स-डेट, म्हणजे ज्या दिवसापासून शेअर डिव्हिडंडच्या हक्काशिवाय विकला जातो आणि भाव तेवढा उतरतो तो दिवस, एप्रिल २०२३ मध्ये पडली, म्हणजे मार्चअखेरपर्यंत भावातून ८१ रुपये बाहेर गेले होते. त्या वर्षात भाव साधारण ४०० वरून २७५ वर आला. साध्या चार्टवर ही ३१ टक्क्यांची घसरण आहे. मिळालेला डिव्हिडंड धरला तर धारकाचं नुकसान अकरा टक्क्यांच्या आसपास (कर सोडून). शेअर पडला हे खरं, पण चार्टवरची जवळजवळ दोन तृतीयांश घसरण म्हणजे धारकांच्या बँक खात्यात जमा झालेले पैसे आहेत.

आता सरासरीचं काय होतं ते पाहा. एक्स-डेटला भाव लगेच खाली येतो, सरासरीत मात्र डिव्हिडंडपूर्वीचे फुगलेले भाव महिनोन्‌महिने राहतात. ते हळूहळू बाहेर पडायच्या आत पुढची एक्स-डेट येते. त्यामुळे अनअॅडजस्टेड चार्टवर भाव सरासरीखाली आहे त्याहून जास्त अडकलेला वाटतो आणि डेथ क्रॉससारखे विक्रीचे संकेत लवकर येतात. आरएसआय आणि ईएमए यांत तर जुना धक्का ठरावीक दिवशी पूर्ण गळून पडत नाही, फक्त विरत जातो.

दुरुस्तीचं गणित सोपं आहे. एक्स-डेटच्या आदल्या दिवशीचा बंद भाव ३०० आणि डिव्हिडंड १५ असेल, तर त्याआधीच्या सगळ्या किमतींना २८५/३००, म्हणजे ०.९५ ने गुणायचं. सरळ १५ रुपये वजा करू नका. फार जुन्या, कमी भावांवर तसं केलं तर टक्केवारी बिघडते, कधी किंमत उणेही जाते. गुणाकारात जुने सगळे भाव एकाच प्रमाणात लहान होतात, म्हणून एक्स-डेटच्या आधीचे सरासरीचे क्रॉसओव्हर जागचे हलत नाहीत. बदल होतो तो ज्या खिडकीत एक्स-डेट येते तिथे.

व्हॉल्यूमकडेही बघा. स्प्लिट-बोनसमध्ये जुना व्हॉल्यूम उलट्या प्रमाणात वाढवावा लागतो, डिव्हिडंडसाठी त्याला हात लावायचा नाही. ओबीव्ही हा व्हॉल्यूमची बेरीज-वजाबाकी करणारा निर्देशक वापरणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते.

मग वापरायची कुठली? दीर्घ सरासऱ्या, मोमेंटम आणि बॅकटेस्टमधला परतावा यांसाठी मी डिव्हिडंडसकट अॅडजस्ट केलेलीच घेतो. सपोर्ट-रेझिस्टन्स, स्टॉपलॉस, किंवा ‘१०० रुपयांवरचेच शेअर’ अशी रुपयांतली चाळणी असेल तर मात्र डिव्हिडंड काढलेली किंमत उपयोगाची नाही, कारण त्या भावाला बाजारात कधी सौदा झालेलाच नसतो. शिवाय प्रत्येक नव्या डिव्हिडंडनंतर सगळा इतिहास पुन्हा लिहिला जातो. म्हणून मागच्या वर्षी उतरवून ठेवलेल्या फाइलला नवे आकडे खाली जोडू नका, पूर्ण मालिका नव्याने घ्या.

तपासायला एक मिनिट लागतं. याहू फायनान्सवर Close या रकान्यात स्प्लिट-बोनसची दुरुस्ती असते, Adj Close मध्ये डिव्हिडंडचीही. तुमच्या दोन्ही साइटवर मे २०२२ मधल्या ३१.५ रुपयांच्या एक्स-डेटच्या आदल्या दिवशीचा बंद भाव काढा आणि एनएसईच्या त्या दिवसाच्या भावकॉपीशी, म्हणजे एक्स्चेंजच्या रोजच्या भावांच्या फाइलशी, ताडून पाहा. जिथे तो भावकॉपीइतकाच येईल, तिथे डिव्हिडंड काढलेला नाही.