रात्रीच्या अलर्टचा मेसेज 'गेला' म्हणजे नेमका कुठपर्यंत गेला?

प्रश्न: नाशिकजवळ द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज आहे. तापमानाचे सगळे अलर्ट ईमेल आणि एसएमएस दोन्हीकडे जातात, त्यामुळे आता कुणी बघतच नाही. काय कुठे पाठवावं? आणि मेसेज पोचला हे खात्रीने कसं कळणार?

उत्तर:

वाटणी करताना मी एकच प्रश्न विचारतो: हे कळल्यावर रात्री दोन वाजता कुणी उठून खोलीकडे जाणार आहे का? जाणार असेल तर एसएमएस, नाहीतर ईमेल. या चाळणीतून तुमच्याकडे चारच गोष्टी उरतील. खोली मर्यादेबाहेर गेली, कॉम्प्रेसर ट्रिप झाला, वीज गेली आणि जनरेटर चालू झाला नाही, किंवा सेन्सरकडून आकडे येणं थांबलं. रोजचा तापमानाचा तक्ता, दार उघडल्याच्या नोंदी, डिझेलची पातळी हे सगळं सकाळच्या एका ईमेलमध्ये घाला.

'मर्यादेबाहेर' ठरवताना डिफ्रॉस्ट विसरू नका. द्राक्षं शून्य अंशाच्या आसपास ठेवता, आणि डिफ्रॉस्ट चालू असताना कॉइलजवळची हवा काही वेळ गरम होणारच. तेवढ्यावर एसएमएस गेला की चार दिवसांत माणसं फोन सायलेंटवर टाकतात. तुमचा डिफ्रॉस्ट साधारण 25 मिनिटांचा असेल तर तापमान सलग 40 मिनिटं 2 अंशांच्या वर राहिलं तरच अलर्ट काढा, आणि सेन्सर कॉइलसमोर न लावता मालाच्या थप्पीत लावा.

आता पोचल्याची खात्री. एसएमएस पाठवणाऱ्या सेवेला, म्हणजे गेटवेला, मेसेज दिला की तो लगेच एक आयडी परत देतो. बरेच जण इथेच 'सेंट' लिहून मोकळे होतात, पण गेटवेने मेसेज घेतला एवढंच त्यातून कळतं. फोनपर्यंत गेला की नाही ते नंतर येणारी डिलिव्हरी रिसीट सांगते. ती साधारण अशी दिसते:

```
id:7f3a91 sub:001 dlvrd:001 submit date:2502140210
done date:2502140211 stat:DELIVRD err:000
```

यात `stat` बघायचं. `DELIVRD` म्हणजे हँडसेटने मेसेज घेतला. `UNDELIV` आणि `EXPIRED` म्हणजे नाही पोचला. `ACCEPTD` वाचायला छान वाटतं, पण फोनपर्यंत पोचल्याची ती खात्री नाही. `REJECTD` दिसलं तर आधी डीएलटी या टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर मंजूर झालेला मजकूर तपासा. ठरलेल्या शब्दांत थोडा जरी फरक झाला तरी टेलिकॉम कंपनी मेसेज अडवते.

पण हँडसेटने घेतला म्हणजे माणसाने वाचला असं नाही. नंबरऐवजी अक्षरी हेडरवरून आलेल्या मेसेजला उत्तरही देता येत नाही. म्हणून एक वेगळा नंबर घ्या आणि त्यावर मिस्ड कॉल द्यायला सांगा. कुणी दिला ते नंबरवरून कळतं, पैसे लागत नाहीत आणि झोपेतल्या माणसालाही जमतं. मजकूर असा ठेवा:

```
ALERT Room 3 temp 4.2C at 02:10, above 2.0C for 40 min. Give missed call on <number>
```

यात अंशाचं चिन्ह मुद्दाम नाही. एसएमएसच्या मूळ अक्षरसंचात ते नसतं. एक `°` घातला की अख्खा मेसेज युनिकोड होतो आणि 160 ऐवजी 70 अक्षरांची मर्यादा लागते. देवनागरीतही तेच होतं. मराठीत पाठवायचं असेल तर 70 अक्षरांत बसवा. वेळ मात्र मजकुरात हवीच, कारण बंद फोन सकाळी चालू झाल्यावर जुना मेसेज आत्ताचा वाटतो. गेटवेमध्ये सोय असेल तर मेसेजची मुदतही 10 मिनिटांची ठेवा.

पुढचा क्रम असा बांधा. 2:10 ला सुपरवायझरला मेसेज. 2:13 पर्यंत `DELIVRD` आलं नाही तर लगेच ऑपरेटरला. `DELIVRD` आलं पण 2:20 पर्यंत मिस्ड कॉल नाही, तरीही ऑपरेटरला. 2:30 पर्यंत कुणाचाच नाही तर मालकाला थेट व्हॉइस कॉल. रिसीट कधी उशिरा येते, त्यामुळे दोघंही उठतील. ते चालेल.

ईमेलमध्ये समोरच्या सर्व्हरचं `250` हे उत्तर एवढंच सांगतं की त्याने मेल घेतला. पुढे तो स्पॅममध्येही जाऊ शकतो. परत आलेले मेल ज्या पत्त्यावर येतात तो पत्ता कुणीतरी उघडायला हवा. आणि सकाळचा तक्ता 'सर्व ठीक' असला तरी रोज पाठवा, म्हणजे एखाद्या दिवशी आला नाही तर लगेच लक्षात येईल.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, अलर्ट पाठवणारा संगणक त्याच इमारतीत असेल तर वीज गेली की राउटरही जातो आणि अलर्ट निघतच नाही. म्हणून पाठवणारी यंत्रणा बाहेरच्या सर्व्हरवर ठेवा. स्टोरेजमधल्या यंत्राने तिला दर मिनिटाला हजेरी द्यायची, आणि पाच मिनिटं हजेरी नसेल तर तोच गंभीर अलर्ट समजायचा. हंगाम सुरू होण्याआधी दिवसाउजेडी राउटरची वायर काढा, सुपरवायझरचा फोन बंद ठेवा आणि ऑपरेटरचा फोन किती मिनिटांनी वाजतो ते घड्याळ लावून बघा.