नात्याला आठ महिने झाले, तरी बॉयफ्रेंड तुमची कुणाशीच ओळख करून देत नाही?

आधी घरचे आणि मित्र वेगळे करा. आपल्याकडे घरी नाव सांगितलं की लगेच जात, पत्रिका, लग्नाची तारीख सुरू होते, त्यामुळे आई-वडिलांना आठ महिन्यांत न सांगणं समजू शकतं. रूममेटला किंवा ऑफिसातल्या जवळच्या मित्रालाही तुम्ही माहीत नसाल, तर ते कारण लागू पडत नाही. खरी परीक्षा तिथेच आहे.

म्हणून "घरी कधी सांगणार?" असं एकदम विचारू नका. सुरुवातीला बहुतेक जण हीच चूक करतात, आणि "वेळ आली की सांगीन" एवढंच हाती लागतं. मागणी छोटी आणि नेमकी ठेवा: "येत्या दोन-तीन रविवारांपैकी एकदा तुझ्या रूममेटसोबत चहाला जाऊ. कुठला रविवार?"

मग शब्दांपेक्षा काय घडतं ते बघा. अडचण खरी असेल तर ती नेमकी काय आहे ते तो सांगेल आणि दुसरा दिवस स्वतः सुचवेल. दर वेळी नवं कारण, भेटायला कायम गावाच्या दुसऱ्या टोकाचं हॉटेल, ओळखीचं कुणी दिसताच "ही ऑफिसमधली" असं सांगणं, हे सगळं एकत्र दिसलं तर तो तुम्हाला लपवतोय. तेव्हा स्पष्ट विचारा: "दुसरीकडे कुठे बोलणी चालली आहेत का?"

तोवर दोन गोष्टी टाळा:
- त्याच्या मित्रांना परस्पर मेसेज करणं.
- न विचारता दोघांचा फोटो स्टेटसला टाकणं.

दोन्हींमुळे भांडण तुमच्या वागण्यावर सरकतं आणि मूळ प्रश्न तसाच राहतो.