विक्री दुप्पट झाली, मग सीएजीआर किती?

प्रश्न: दुकानाची विक्री २०२०-२१ मध्ये १८ लाख होती, २०२४-२५ मध्ये ३६ लाख. पाच वर्षांत १०० टक्के, म्हणजे वर्षाला २० टक्के वाढ म्हणू का? बचतीलाही हेच लावता येईल?

उत्तर: नाही. आकडे पाच वर्षांचे असले तरी मधली वाढ चारच वेळा झाली आहे, आणि दरवर्षीची वाढ आदल्या वर्षीच्या वाढलेल्या विक्रीवर मोजायची असते. अशा चक्रवाढीने काढलेल्या सरासरी वार्षिक वाढीच्या दरालाच सीएजीआर म्हणतात. एक्सेलमध्ये हे टाका:

```
=(36/18)^(1/4)-1
```

उत्तर ०.१८९, म्हणजे १८.९ टक्के. चारऐवजी पाच घातलेत तर १४.९ येईल. ही चूक फार जण करतात.

पण खरी गोम सुरुवातीच्या वर्षात आहे. २०२०-२१ म्हणजे लॉकडाऊनचं वर्ष. समजा त्याआधी, २०१९-२० मध्ये, तुमची विक्री ३० लाख होती. तिथून मोजलं तर पाच वर्षांत ३० चे ३६, म्हणजे वर्षाला जेमतेम ३.७ टक्के. दुकान तेच, शेवटचा आकडाही तोच! सूत्र फक्त दोन टोकं बघतं, मधली पडझड त्याला दिसत नाही. म्हणून बँकेत कर्जासाठी आकडा देणार असाल तर सोबत प्रत्येक वर्षाची विक्रीही द्या. नाहीतर मॅनेजर विचारेलच.

बचतीचं म्हणाल तर, एकदाच ठेवून न हात लावलेल्या एफडीला हे चालेल. दरमहा पैसे भरत असाल तर नाही, कारण तुम्ही टाकलेली रक्कमच वाढ म्हणून मोजली जाते. तिथे एक्सेलचं XIRR हे फंक्शन तारखांसकट वापरा. भरलेली रक्कम वजा चिन्हाने, आजची शिल्लक अधिक.